नैवेद्याचा आंबा

लॅबमध्ये तिला सगळे 'हलक्या हाताची' म्हणत. एका टोचणीत शीर सापडायची. कित्येक माणसं ती सुट्टीवर असेल तर आल्या पावली परत जायची. फक्त स्वतःचा नवरा दोन महिने तिच्या हाताला लागत नव्हता.

नवरा पाट्या रंगवायचा. त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली आली होती, आणि डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त तपासून या म्हटलं होतं, त्याशिवाय ते औषध ठरवणार नव्हते. पहिल्यांदा ठरलं तेव्हा पेंटरसाहेबांनी पहाटे साखरेचा चहा घेतला. दुसऱ्यांदा बिस्किटं. 'अगं, लक्षातच राहिलं नाही.' ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

तिसरी तारीख नेमकी वटपौर्णिमेला आली. तिला बरंच वाटलं. घरात एकाचा उपास असेल तर दुसराही दहा-अकरा तास कळ काढेल, असा तिचा भाबडा हिशोब.

साडेसहाला लॅब उघडायची, कारण उपाशी माणसं तेव्हाच येतात. मोठ्या वडापर्यंत जाऊन यायला दीड तास. बाजारात तोडलेल्या फांद्या मिळायच्या, पण झाडाच्या आयुष्यावर उठून नवऱ्याचं आयुष्य मागायचं तिला पटेना. म्हणून चार वर्षांपूर्वी तिनं गॅलरीत कुंडीत वड लावला होता. कुंडी भिंतीला टेकलेली, प्रदक्षिणा कशी घालणार? दरवर्षी ती ओढत खोलीच्या मधोमध आणायची.

पाचला अंघोळ करून ती ठेवणीतली साडी नेसली, हिरव्या बांगड्या भरल्या. मुळाशी पाणी घातलं, हळदकुंकू, अक्षता, फुलं वाहिली, आंब्याचा नैवेद्य दाखवला. मग सुताची गुंडी घेऊन सात फेरे. हाच नवरा सात जन्म मिळो, हे ती दर फेऱ्याला म्हणाली, पण पाचव्या फेऱ्याला कुंडीच्या कडेला पाय आपटला आणि स्वर जरा कडक झाला. आरती ओवाळून तिनं कहाणी पुटपुटली. सत्यवानाला वर्षभराचंच आयुष्य आहे हे नारदानं सांगूनही सावित्रीनं त्यालाच वरलं. दिवस जवळ आला तशी तीन रात्री उपाशी राहिली, त्या दिवशी त्याच्याबरोबर रानात गेली, यम त्याला घेऊन निघाला तर मागोमाग चालत राहिली. सासऱ्यांची दृष्टी, राज्य, वडिलांना पुत्र आणि शेवटी स्वतःला शंभर पुत्र मागून तिनं यमाला शब्दात पकडलं.

निघताना तिनं झोपलेल्या नवऱ्याला हलवलं. "अहो, पाणी सोडून काही नाही. आठला या."

सुवासिनीची ओटी तिनं लॅबमध्येच काउंटरवरच्या बाईची भरली, गहू आणि आंबा, दोन पेशंटच्या मधल्या फटीत. पोटात काही नाही, दिवसभर फळं-दुधावर काढायचं, पण हात हलता कामा नये.

आठला पेंटर आला. खुर्चीत बसला, बाही वर केली. तिनं दंडाला पट्टा बांधला, कापूस फिरवला.

"रात्री नऊनंतर काही खाल्लं नाही ना?"

"नाही." मग तो खाली बघत म्हणाला, "आंबा तेवढा."

"कुठला आंबा?"

"कुंडीपुढचा. प्रसादाला नाही कसं म्हणायचं?"

तिनं पट्टा सोडला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. ज्याच्यासाठी अन्न सोडलं त्यानंच नैवेद्यावर हात मारला. "मी दिवसभर उपाशी राहणार तुमच्यासाठी. तुम्हाला स्वतःसाठी एक सकाळ निघत नाही?"

त्यानं दंडावरचा पट्ट्याचा वळ चोळला. मग इतक्या हळू बोलला, की तिला वाकावं लागलं. "विसरत नाही गं मी. मुद्दाम खातो. बाबांचा रिपोर्ट आला आणि वर्षात गेले. पक्का आकडा कळला नाही तर काही झालंच नाही असं वाटतं."

दोन महिने ती त्याला आळशी समजत होती. राग गेला नाही. उलट आता तो कुठं ठेवावा हेच तिला कळेना.

"वर्ष तर सावित्रीलाही सांगितलं होतं," ती म्हणाली. "दिवस माहीत होता म्हणून तर ती त्या दिवशी रानात बरोबर गेली. नाहीतर घरात बसून राहिली असती आणि तिकडे यम त्याला घेऊन गेला असता. मला कळूच दिलं नाहीत तर मी कुणाच्या मागे जाऊ, कधी जाऊ?"

पेंटरनं बाही खाली केली नाही. "उद्या येतो," तो म्हणाला. हे तो आधीही दोनदा म्हणाला होता.

"उद्यावर सोडत नाही मी. आज रात्रीपासून तुमच्या उशाशी बसते आणि सकाळी बरोबर घेऊन येते," ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.