ताईने तीन पत्रकांचं एक केलं

आमच्या प्रचाराचं काम बघणारी ताई म्हणजे पेटती वात. आमची संस्था चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करते. देणगीदारांच्या पत्रकात आम्ही ‘लाचारांना आधार’ छापायचो, स्वयंसेवकांच्या पत्रकात ‘पुण्याचं काम’, आणि खुर्ची वापरणाऱ्यांना सांगायचो, ‘या, दुरुस्ती शिका.’ ‘लाचार’ शब्दाशेजारी स्वतःचा फोटो बघून स्वतः खुर्ची वापरणाऱ्या, दुरुस्तीत तरबेज अशा आमच्या मावशी यायच्याच बंद झाल्या.

ताईने तिन्ही पत्रकं भिंतीवर चिकटवली. "ही एक संस्था आहे की तीन? मावशींसमोर मोठ्याने वाचता येत नाही ते छापायचं नाही!"

"रडवल्याशिवाय पैसे कोण देतं?" देणगीदार काका म्हणाले.

"मग कांदे वाटा, काका!"

मावशींना घरून आणून, काका आणि स्वयंसेवकांसोबत बसवून ताईने एकच वाक्य ठरवलं: ‘खुर्ची मिळून चालती ठेवू, कुठे जायचं ते बसणारा ठरवेल.’ तिन्ही पत्रकांवर तेच छापलं.

पुढे एका पाहुण्याने दारातल्या स्वयंसेवकाला, मग पान्हा घेऊन खुर्ची दुरुस्त करत बसलेल्या काकांना, मग मावशींना विचारलं, "इथे काय चालतं?" तिघांकडून तेच उत्तर आलं.

"पाठ केलंय की काय सगळ्यांनी?"

"पाठ कशाला? खरंच आहे ते," मावशी म्हणाल्या. "काका, नट नीट आवळा!"

काकांनी पान्हा पुन्हा नटावर बसवला.