जाहिरातीनंतरचे गुरुजी

एक्क्याण्णव-ब्याण्णवपासून श्रीरामपुरात मी कॉम्प्युटर क्लास चालवत होतो, त्यामुळे गावात कुठेही प्लगला वायर लागली की लोक मला बोलावत. दशकाच्या शेवटी असंच शूटिंगवाल्या भाऊंनी बोलावलं. त्यांच्याकडे बेलापूरच्या निवृत्त गुरुजींचे दहावी गणिताचे धडे होते. ते आधी केबलवर दाखवलेले, नंतर टेपवरून कॉम्प्युटरवर घेतलेले. टेपांवर भाऊंनी केव्हाच लग्नं भरून टाकली होती.

आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या मुलींच्या वसतिगृहाला हे धडे सीडीवर हवे होते. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंची अट एकच: सुरुवातीचं संगीत आणि शेवटची साडीच्या दुकानाची जाहिरात काढा. गुरुजींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आवाज कायमचा गेला होता. म्हणजे जे आहे ते एवढंच. पुन्हा शूटिंग कसलं करणार?

पहिल्या दिवशी एकेक फाइल उघडून, खुणा करून, पुन्हा साठवून मी वैतागलो. डोळे चुरचुरायला लागले. शेवटी फाइली कापणारा एक छोटा प्रोग्राम मिळवला आणि त्याला हाक मारणारी बॅच फाइल, म्हणजे ओळीने हुकूम देणारी स्क्रिप्ट, लिहिली. फोल्डरमधला प्रत्येक धडा उचलायचा, पुढून संगीताएवढं आणि मागून जाहिरातीएवढं काढायचं, मधलं वेगळ्या नावाने ठेवायचं. धडे कमीजास्त लांबीचे, म्हणून मागचं माप शेवटापासून उलटं मोजायचं. आणि कापणी नेमक्या सेकंदावर होत नाही, जवळच्या पूर्ण चित्रावर होते, म्हणून थोडं सैल माप.

"डिस्क भरली हाय सर," भाऊ म्हणाले. "कापून झाला की जुना धडा उडवा. न्हाईतर नवे ठेवणार कुठं?"

मला ते पटत नव्हतं. पण जागा खरोखरच नव्हती, आणि दुसरी डिस्क आणायला भाऊ तयार नव्हते. नवी फाइल झाली तरच जुनी उडेल, एवढी अट मी घातली.

गुरुजी बायकोबरोबर, आमच्या काकूंबरोबर, आले होते. गळ्याला मफलर, हातात पाटी. पहिला धडा कापून त्यांना दाखवला. फळ्यावरच्या पहिल्या शब्दापासून सुरू, 'नमस्कार'ला बंद. मस्त जमला होता. गुरुजींनी मान डोलावली आणि मी सगळ्या धड्यांवर स्क्रिप्ट सोडली. काकूंनी चहा ओतला.

तिसरा धडा होऊन चौथा सुरू झाला, तेव्हा बसल्या बसल्या मी तिसऱ्याचं शेपूट पाहिलं. साडीचं दुकान जिथल्या तिथं! मी कंट्रोल-सी दाबून सगळं थांबवलं.

काकूंच्या लक्षात आधी आलं. "अहो, तुम्ही परत यायचा ना," त्या गुरुजींना म्हणाल्या. "भाऊंनी दुकानाची जाहिरात लावली की तुम्ही म्हणायचा, थांबा, एक राहिलं."

तसंच होतं. काही धड्यांत जाहिरात झाल्यावर गुरुजींना काहीतरी आठवे, मग भाऊ पुन्हा कॅमेरा सुरू करत आणि टेपवर पुढे तेवढं चिकटवत. स्क्रिप्टने शेवटून माप घेतलं, म्हणून जाहिरात वाचली आणि परत आलेले गुरुजी गेले. ज्याची खोड, तोच विसरला होता. उडालेलं परत आणायचा प्रोग्राम चालवला, पण चौथ्या धड्याने ती जागा बळकावली होती.

मला रडूच आलं. गुरुजींनी पाटीवर लिहिलं, 'काय सांगितलं होतं ते मलाही आठवत नाही. जाऊ द्या.' मग पुसून लिहिलं, 'बाकीचे सांभाळा.'

उरलेल्या प्रत्येक धड्याचा शेवट मी डोळ्यांनी पाहिला. जिथे गुरुजी परत येत, तिथे जाहिरात मधून काढली आणि दोन तुकडे जोडले. पाठ धरली, मान धरली. बायको म्हणाली, "त्या गुरुजींना दत्तकच घ्या आता."

सीड्या द्यायला मीच एसटीने अकोल्याला गेलो. बाई म्हणाल्या, बसा, चहा घ्या. पुढे महिन्याभराने पुन्हा जाणं झालं, ते एक सीडी अडकत होती म्हणून. तोवर गुरुजी वारले होते. मुलींना ते माहीत नव्हतं.

हॉलमध्ये टीव्हीपुढे मुली सतरंजीवर बसल्या होत्या. नेमका तिसरा धडा चालू होता. गुरुजी 'नमस्कार' म्हणाले. जाहिरात मी नंतर काढून टाकली होती, त्यामुळे पडदा लगेच काळा झाला. मला वाटलं, आता उठतील. एकही उठली नाही.

"संपला की गं," मी म्हणालो.

पुढे बसलेली मुलगी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "थांबा ओ सर. ते परत येत्यात कधी कधी."

मीही मागे सतरंजीवर बसलो.