काचेवरचा सातवा फोटो

दादरला आमचं फोटोंचं छोटं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, फ्रेमा आणि हल्ली जुने फोटो स्कॅन करून देणं. लालबागची मावशी आपला अल्बम घेऊन आली, तेव्हा तिची चाळ पाडायला निघाली होती. नवी इमारत होईपर्यंत मिळालेली संक्रमण शिबिरातली खोली दमट, तिथे फोटोंना बुरशी लागणार, म्हणून ते मोबाइलमध्ये घालून दे, म्हणाली.

एकेक फोटो स्कॅन करायचा मला भारी कंटाळा. मी स्कॅनरच्या काचेवर सहा-सात फोटो एकदम मांडतो आणि पुढचं काम प्रोग्रामवर सोडतो. तो प्रत्येक फोटोची कड शोधतो, त्याभोवती बसेल असा लहानात लहान चौकोन आखतो, चौकोन किती कलला आहे त्यावरून फोटो सरळ करतो आणि वेगळा कापून ठेवतो. कड छाटली जाऊ नये म्हणून चौफेर दोन-तीन मिलिमीटर जास्तीची जागाही ठेवतो. त्यामुळे मांडताना वाकडं-तिकडं झालं तरी चालतं, आणि मी वाकडं-तिकडंच मांडतो.

मावशीच्या फोटोंना पांढऱ्या किनारी होत्या. स्कॅनरच्या पांढऱ्या झाकणापुढे त्या प्रोग्रामला दिसेनात, म्हणून मी वर काळा कार्डपेपर ठेवला. मग काळ्यावर धूळ उठून दिसायला लागली. अल्बमच्या कागदाचे कपटेसुद्धा फोटो म्हणून कापले जाऊ लागले. मी वैतागलो आणि आकाराची किमान मर्यादा वाढवून टाकली. त्याहून लहान ते सगळं कचरा. कपटे थांबले. मी स्वतःवर खूश झालो.

काचेवर किती ठेवले आणि फायली किती निघाल्या, हे मी मोजलं नाही. मोजायला मिनिटभर पुरलं असतं. वर डिस्क भरली म्हणून अख्ख्या काचेचे मूळ स्कॅनही त्याच दिवशी पुसले.

मावशीने विचारलं, सगळे आले ना? मी मान वर न करता म्हणालो, सगळे.

माझ्या शब्दावर तिने अल्बम चौपाटीवर नेऊन विसर्जित केला. देवांच्या जुन्या तसबिरी करतात तसाच. गेलेल्या माणसांचे फोटो कचऱ्यात टाकायचे नसतात, आणि नव्या खोलीत अल्बमला जागा नव्हती. हे मला नंतर कळलं, तिचा फोन आला तेव्हा.

"माझ्या चेडवाचा फोटो कुठाय रे? बोटाएवढा होता बघ, कात्रीने कापलेला."

चेडू म्हणजे तिची पहिली मुलगी, सहा महिन्यांची होऊन गेलेली. तिचा तेवढा एकच फोटो. मला ताबडतोब समजलं काय झालं असणार. तरी मी म्हणालो, "अल्बममध्ये नव्हता गं तो." असं म्हणताना माझा आवाज किती सहज निघाला, याची मला आजही लाज वाटते.

ती वाद घालत बसली नाही. पुढे भेटली की मात्र स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायची, फोटो काढला होता की नाही, आता नक्की आठवत नाही. वय झालं, मन काहीही धरून बसतं. मी चहा पीत ऐकून घ्यायचो.

परवा तिला तिच्या लग्नाचा फोटो फ्रेम करून हवा होता. ती फाइल उघडून मोठी केली. फोटो अगदी सरळ. उजव्या कडेला जास्तीच्या जागेत कार्डपेपरची काळी रेघ आणि तिच्यापलीकडे एक करडी, तिरपी पट्टी. शेजारी ठेवलेल्या फोटोची कड. मी एवढे खेटून ठेवले होते. पट्टीत चार इवलीशी बोटं होती, आणि मनगटावर काळा मणी.

ती छाटून फ्रेम देता आली असती. छाटायला मी कर्सर नेलाही. मग पट्टीच मोठी करून छापली आणि शिबिरात गेलो.

मावशीने चष्मा लावला. मण्यावर बोट ठेवलं. तो तिनेच ओवला होता.

"आणि बाकीची कुठाय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. मर्यादा, न मोजणं, पुसलेले स्कॅन, आणि फोनवरचं खोटं. फोटो काचेवर होता, मीच कचरा म्हणून सोडला, असंही सांगितलं. ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिने पट्टी पदराने पुसली. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

"म्हणजे फोटो होता," ती म्हणाली.