पाहुण्यांना देऊन टाकलेली कलमं

माझ्या मोठ्या भावाला कुणाला नाही म्हणता येत नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त त्याला स्वतःला मान्य नाही. लातूरच्या अडत बाजारात तुरीच्या ढिगात हात घालून तो असा भाव पाडतो की अडते कपाळाला हात लावतात. पण दारी आलेला माणूस पाणी पिऊन बसला की दादाचा सगळा कडकपणा संपतो. पाहुण्याला मागायला लावणं त्याला पटतच नाही. मागायच्या आधी दिलं पाहिजे. बाजारातला दादा आणि घरातला दादा असे दोन इसम आहेत. आणि त्या मोठ्या कंपनीचा करार आला तो नेमका घरातल्या दादाच्या वाट्याला.

दादाची डाळमिल आहे. मिलच्या कडेला एक शेड आहे, तिथं वहिनीचं राज्य. तिथं वहिनी आणि तिच्या बायका डाळ निवडून, छोट्या पाकिटांत भरून विकतात. पाकिटावर नावही तिनंच ठेवलेलं. सुरुवातीला ती स्वतः पिशवीत पाकिटं घेऊन बसनं कंधारला जायची, दुकानदारांच्या पाया पडायचीच बाकी ठेवायची. आता किनवटच्या वसतिगृहांपर्यंत तिची डाळ जाते. दादा कौतुकानं म्हणतो, "आमच्या मंडळींचा छंद हाय." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. छंदाला कुणी जीएसटी भरतं का?

तर देशभर दुकानं असलेल्या एका कंपनीला दादाची तूरडाळ आवडली. त्यांच्या नावाच्या पाकिटात दादानं डाळ भरून द्यायची. दादानं नांदेडला मला फोन केला. मी वकील आहे. माझ्याकडे जास्त करून वाटणीचे आणि चेक परत आल्याचे दावे येतात. तो म्हणाला, करार आलाय, इंग्रजीत हाय, सगळं ठीकच असंल, तू नुसती नजर टाक. मी नजर टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची लातूरची बस धरली.

करार वाईट नव्हता. एवढ्या मोठ्या कंपनीचा करार असतो तसाच होता: सगळ्या वाटा त्यांच्या बाजूला उतरणाऱ्या. मी दादाला सांगितलं, त्यांच्यासमोर बसण्याआधी आपण घरात बसायचं. प्रत्येक कलम घ्यायचं आणि ठरवायचं, हे आपल्याला पाहिजेच, का हे सोडून त्याच्या बदल्यात दुसरं काही घेता येईल. दादा म्हणाला, सगळंच पाहिजे. मग अर्ध्या तासानं म्हणाला, सगळंच देऊन टाकू, चांगली माणसं दिसायलीत.

शेवटी मी एकच कसोटी ठेवली. प्रत्येक कलमाला विचारायचं: त्यांनी हे नाकारलं तर तू उठून जाशील का? उठणार असशील तर ते पाहिजेच. उठणार नसशील तर ते देण्याघेण्याचं. कागदावर मी तसे दोन रकाने पाडले. आणि पटकन हो म्हणायचं नाही, खरं सांगायचं.

या कसोटीनं दादाची पुरती दमछाक झाली. पाकिटाच्या मागं आपल्या मिलचं नाव छापलंच पाहिजे, त्यासाठी मी उठणार, असं तो छाती काढून म्हणाला. मी सांगितलं, बस खाली, माल कुणी भरला ते छापणं कायद्यानंच लागतं. ज्यासाठी कुणी अडवतच नाही, त्यासाठी उठून काय करणार? त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. भांडायला निघालेल्या माणसाला दार उघडं सापडावं तसं झालं त्याचं.

पण खरी कलमं दोन निघाली. एक, मालाची तपासणी. करारात होतं की ट्रक त्यांच्या गोदामात पोचल्यावर ते तपासतील आणि नापसंत माल परत पाठवतील. म्हणजे वाटेत ओलावा लागला, पोतं फाटलं, तरी भुर्दंड आपल्याला. आम्ही ठरवलं, तपासणी मिलमध्येच, ट्रक भरताना, दोघांच्या समोर. नमुने मोहोरबंद करून एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे, एक वादासाठी राखून. दोन, छापलेली पाकिटं. त्यांचं नाव छापलेलं पाकीट आपण दुसऱ्याला विकू शकत नाही. मग करार मधेच मोडला तर भरलेला माल आणि छापील कागद त्यांनी उचललाच पाहिजे. या दोन्हींसाठी दादा उठायला तयार होता. बाजारातला दादा बोलत होता तो.

देण्याघेण्यात पुष्कळ गेलं. पैसे तीस दिवसांत मागायचे, पण कायद्यानं लहान उद्योगाला पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेच लागतात, तिथवर सरकायला हरकत नाही. वाद झाला तर लवाद त्यांच्या शहरात बसायचा. गैरसोय आहे, पण मरण नाही. न सांगता त्यांचा माणूस मिल बघायला येणार; येऊ दे, स्वच्छच आहे. सणासुदीला जाहिरातीसाठी थोडी सूट, तीही. मी दादाला बजावलं, ही आपली चिल्लर आहे. एकेक काढायची आणि प्रत्येक वेळी बदल्यात काहीतरी मागायचं. "दिलं" हा शब्द एकटा तोंडातून काढायचा नाही.

मग ते कलम आलं. कराराच्या काळात मिलनं दुसऱ्या कुणालाही पाकिटबंद डाळ विकायची नाही, स्वतःच्या नावानंही नाही. म्हणजे वहिनीचं पाकीट बंद.

दादा म्हणाला, हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं नाणं. हे दिलं तर ते बाकी सगळं देतील. तिचा धंदा तो केवढा, आणि ही ऑर्डर केवढी.

वहिनी तिथंच बसली होती. तिनं मान वर केली नाही. "तुम्हाला बरं वाटंल तिकडं ठेवा," एवढं म्हणून ती शेडकडे गेली.

मला इतका राग आला की मी त्याला नको ते बोलले. वहिनीचं पाकीट राहिलंच पाहिजे, असं मी माझ्याच अधिकारात ‘पाहिजेच’च्या रकान्यात लिहिलं. तिथंही मी विचारलं, उठशील का? दादानं कराराचं पुढचं पान उलटलं. जे मी लिहिलं आणि ज्यासाठी दादा उठेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, ते नुसतं शाईचं होतं, हे मला कळत होतं.

कंपनीचे खरेदी अधिकारी आणि कंपनीचीच वकील असलेली एक तरुण मुलगी मिलवर आले. दोघं चांगली होती, तीच तर अडचण. बसल्या बसल्या मी एक गोष्ट मान्य करून घेतली: आज जे जे बोलू ते सगळं मिळून एकच सौदा, पूर्ण जुळलं तरच पक्कं. वकील मुलीनं मान डोलावली आणि टिपून घेतलं. दादाला ही औपचारिकता वाटली.

चहा आला. त्याबरोबर मिलमध्येच तळलेली गरम भजी आली. खरेदी अधिकारी म्हणाले, वा, काय चव आहे. आणि घरातला दादा जागा झाला.

पैसे पंचेचाळीस दिवसांनी देऊ का, असं त्यांनी अर्धवटच विचारलं होतं. दादा म्हणाला, दिलं. लवाद आमच्याकडे? दिलं. अचानक तपासणी? अहो घर समजून या. टेबलाखालून मी त्याच्या पायावर पाय दिला तर तो पाय बाजूला घेऊन त्यांना आणखी भजी वाढू लागला. सणाची सूट तर त्यांनी अजून मागितलीही नव्हती. हे तुम्हाला लागंलच, म्हणून यानंच काढून दिली! आमची चिल्लर भजी संपायच्या आत संपली. बदल्यात काय आलं? चटणी छान आहे, ही दाद.

मग तपासणी आणि छापील पाकिटं. त्यावर मात्र दादा ठाम राहिला, आणि थोडं मागंपुढं होऊन ती दोन्ही जुळली. शेवटी उरलं वहिनीचं कलम.

खरेदी अधिकारी म्हणाले, हे आमचं धोरण आहे, सगळ्या पुरवठादारांना सारखंच, इथं मला काहीच करता येणार नाही. आणि त्यांनी दादाकडे हसून पाहिलं. आतापर्यंत ज्यानं जवळजवळ काहीच नाकारलं नाही तो हेही नाकारणार नाही, हे त्यांनी ताडलं होतं. मीही तेच ताडलं होतं.

मी मधे पडले. सुरुवातीला ठरलंय त्याप्रमाणे सौदा एकच आहे, हे कलम तुम्ही काढणार नसाल तर मघाचं दिलेलंही आम्ही दिलेलं नाही. वकील मुलगी म्हणाली, हो, टिपलंय तसं. खरेदी अधिकाऱ्यांचं हसू जरा कमी झालं. पण सगळ्यात जास्त धक्का दादाला बसला. दिलेला शब्द मागं घ्यायचा? पाहुण्यांसमोर? तो माझ्याकडे असा बघू लागला की जणू मीच त्याचं घर विकलंय.

शेडमधून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. मग दादा उठला. मला वाटलं, हात जोडून हेही देणार.

"साहेब, ते पाकीट माझं न्हाई," तो म्हणाला. "आमच्या मंडळीनं उभं केलंय ते. माझं नसलेलं मी तुम्हाला कसं देऊ? ते ऱ्हाणार नसंल तर आपण जेवून घेऊ, न् तुम्ही सुखानं जावा."

आणि खरोखर त्यानं पानं मांडायला सांगितलं. जेवण झालं. करारावर एक शब्द न बोलता त्यानं त्यांना आग्रह करकरून वाढलं आणि गाडीपर्यंत पोचवलं. गाडी गेल्यावर मात्र तो पायरीवर बसला. एवढी मोठी ऑर्डर घालवली, असं म्हणाला नाही, पण दिसत होतं. मला त्याची मनापासून दया आली, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा भयंकर अभिमानही वाटला.

पुढचे काही दिवस फोन आला की दादा दचकायचा. मग त्या वकील मुलीकडून बदललेलं कलम आलं. दुसऱ्या मोठ्या दुकानसाखळीला त्या साखळीच्या नावानं पाकिटं भरून द्यायची नाहीत, एवढंच उरलं होतं. मिलच्या स्वतःच्या नावाला आडकाठी नाही. त्यांचं धोरण वाकलं होतं, आणि दादाची ती सगळी उधळलेली चिल्लर शेवटी या एका कलमाच्या मोबदल्यात कामी आली. तेव्हापासून दादा सगळ्यांना सांगत फिरतो, मी आधीच ठरवून देत होतो, डाव होता तो.

सह्या झाल्या त्या दिवशी आम्ही तिघंच जेवायला बसलो होतो. दादा रंगात येऊन आपलं ते साहेबांसमोरचं भाषण पुन्हा सांगत होता, दर वेळी दोन वाक्यं वाढवून. वहिनी भाकरी वाढत होती.

"मीबी ठरवून ठेवलं होतं," ती म्हणाली.

दादानं हसत विचारलं, काय?

"ताईंनी सांगितलं न्हाई का, कशासाठी उठणार ते आधी ठरवा म्हणून. माझं पाकीट तुम्ही दिलं असतं, तर मी उठणार होते. बहिणीकडं नांदेडला एक गाळा बघून ठेवला होता."

दादाचा घास हातातच राहिला. तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मला हे माहीत होतं का ते शोधत. मला माहीत नव्हतं. वहिनीनं त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली आणि विचारलं, वरण वाढू का. दादानं घास ताटात ठेवला आणि वाटी पुढं केली.