दुसऱ्या कागदाची चिठ्ठी

मी चौथीपर्यंत शिकलो, पण माझ्यासमोर घरात कोणी काही वाचलं आणि मला ते कळलं नाही, असं मी होऊ देत नाही. म्हणून धाकटी नात शिरपूरच्या कॉलेजातून पाच-सहा झेरॉक्स कागद घेऊन आली, तेव्हा मी तिला ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, वाच मोठ्यानं.

गावाकडून येणाऱ्या पोरापोरींना जाण्यायेण्याचा काय त्रास होतो, ते तिला कॉलेजच्या पाहणीसाठी विचारायचं होतं. अहवाल कॉलेजकडून एसटी डेपोत जाणार होता, संध्याकाळची बस पुन्हा सुरू करा म्हणून. ती बस बंद झाली तेव्हा थोरली नात त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. फाट्यापासून अंधारात चालत यावं लागे. काही महिने आली, मग कॉलेज सोडलं. आता बोदवडला नांदते.

सगळ्यांना विचारणं जमणार नव्हतं. साठ जण निवडायचे, आणि कसे निवडायचे त्याच्याच पद्धती त्या कागदांत होत्या. मी म्हटलं, "यात वाचायचं काय? बसस्टँडवर उभी ऱ्हाय. समद्या पोरी तठेच भेटतीन."

"ज्यासले बस भेटनी त्याच तठे ऱ्हातीन, आबा," ती म्हणाली. "जिले भेटनी नही, तिले कोन इचारी?"

पोरगी बरोबर बोलत होती, पण तसं म्हणायची मला सवय नाही.

मग तिनं बाकीच्या वाचल्या. यादीतला दर दहावा घ्यायचा. किंवा एक अख्खा वर्ग उचलायचा; पण एका वर्गात सगळी शहरातलीच निघाली तर? किंवा सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकायच्या. त्यातही गावाकडची कमी येऊ शकतात. शेवटी तिनं ठरवलं, डबे दोन करायचे. कॉलेजात तीन जणांत दोन गावाकडून येतात, म्हणून गावाच्या डब्यातून चाळीस चिठ्ठ्या काढायच्या, शहराच्या डब्यातून वीस. चिठ्ठीवर नाव नाही, यादीतला नंबर. कॉलेजच्या सरांनीही हेच बरं म्हटलं.

मी विचारलं, "ताईना नंबर कितवा शे?"

ती कागद जुळवत राहिली. "ताईनं नाव यादीमा नही आबा. ज्या आज शिकी राह्यनात त्यासनीच यादी शे."

हे मला पटलं नाही. जिचं कॉलेज त्या बसपायी गेलं, तिलाच विचारायचं नाही? मी दोन दिवस बोललो नाही. ती म्हणाली, कॉलेज सोडून गेलेल्यांना विचारायची पद्धत वेगळी आहे, एकीकडून दुसरीचा पत्ता काढत जायचं. पण ती पाहणी वेगळी, यात मिसळता येत नाही, आणि तिला आता वेळही नाही.

रविवारी चिठ्ठ्या काढायच्या होत्या. ती पाणी भरायला गेली तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरचा कोपरा फाडला, थोरलीचं नाव लिहिलं आणि गुंडाळून गावाच्या डब्यात टाकलं. ती आल्यावर म्हटलं, चिठ्ठ्या मी काढणार. तिला बरं वाटलं.

तिच्या चिठ्ठ्या वहीच्या पातळ कागदाच्या होत्या, माझी जाड. बोटांना ती लगेच लागली. दोन-चार दुसऱ्या काढून मी ती काढली आणि तिच्या हातात दिली.

तिनं उघडली. माझं अक्षर घरात कोण ओळखत नाही? म्हणाली, "तुम्ही ही निवडीसन काढी, आबा. चिठ्ठी आपोआप निंघाले पाह्यजे."

"ती आपोआप कधीच निंघाव नही," मी म्हटलं.

तिनं ती चिठ्ठी बाजूला ठेवली, काढलेल्या सगळ्या पुन्हा डब्यात टाकल्या, डबा हलवला आणि पहिल्यापासून स्वतः काढायला बसली. रागावली असती तर मी भांडलो असतो. ती रडत होती आणि नंबर लिहून घेत होती.

अहवाल झाल्यावर तिनं शेवटचं पान मला वाचून दाखवलं. कॉलेज सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांचा या पाहणीत समावेश नाही, असं एक वाक्य होतं. मी ते पुन्हा वाचायला लावलं. वाक्य तेवढंच होतं.

त्या आठवड्यात थोरलीचा फोन आला. मी सगळं सांगितलं, चिठ्ठीचंही. ती आधी हसली, "आबा, तुम्ही बी ना!" मग मी म्हटलं, अहवाल डेपोत गेलाय, बस सुरू होईल बहुतेक. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"चांगलं व्हयनं," ती म्हणाली. "कितला वाजता निंघी?"

वेळ मला माहीत नव्हती. विचारून सांगतो म्हटलं.