नऊ इंच

बोरीवलीच्या त्या सोसायटीचा वॉकथ्रू मी करत होतो तेव्हा मला अंधेरीच्या थ्रीडी ॲनिमेशनच्या ऑफिसात लागून पाच महिने झाले होते. सहा महिन्यांनी कायम करणार, असं ठरलं होतं. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. वडील गवंडी. तालुक्याच्या कॉलेजातल्या सरांनी सुट्टीच्या दिवशी लॅब उघडून मला ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकवलं, म्हणून मी या खुर्चीत बसलो होतो. त्याची जाणीव होती. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत जाणिवेपेक्षा थकवा जास्त होता.

सोसायटीची जुनी इमारत पाडून नवी बांधायची होती. रविवारी सभासदांची सभा होती आणि तिथे पडद्यावर नवं घर आतून फिरल्यासारखं दाखवायचं होतं: दारातून आत, हॉल, स्वयंपाकघर, पॅसेज, शेवटी बाथरूम. मी घरातून फिरणारी एक वक्ररेषा काढली, कॅमेऱ्याने तिच्यावरूनच चालावं म्हणून त्याला ‘फॉलो पाथ’चं बंधन घातलं आणि ‘फॉलो कर्व्ह’वर खूण केली, म्हणजे रेषा वळेल तिकडे कॅमेऱ्याचं तोंड वळणार. कॅमेरा रेषेवर किती पुढे आला हे एका आकड्यावर चालतं: सुरुवातीला शून्य, शेवटी एक.

पहिली चूक तिथेच केली. प्रत्येक खोलीच्या दाराशी त्या आकड्याची एक ‘की’, म्हणजे त्या क्षणी आकडा किती असावा याची खूण, ठेवली आणि सगळ्या कीजना हळू सुटून हळू थांबणारा वेग दिला. त्यामुळे कॅमेरा प्रत्येक दाराशी थांबायचा आणि पुन्हा निघायचा.

शेजारच्या टेबलावरची घाटकोपरची सहकारी बघून हसली. “अरे यार, हा कॅमेरा आहे की शेअर रिक्षा? दर नाक्यावर ब्रेक! मधल्या कीज उडव ना. पहिली आणि शेवटची ठेव, ग्राफमध्ये त्यांचे हँडल लांब ओढ.”

तसं केलं. आता तो सावकाश निघायचा, मधे एका चालीने जायचा आणि सावकाश थांबायचा. झकास झालं होतं. फक्त एक जागा सोडून.

पॅसेजमधून बाथरूममध्ये काटकोनात वळायचं होतं. रेषेचं वळण तंग ठेवलं की कॅमेरा मान मोडल्यासारखा गर्रकन फिरायचा. वळण मोठं घेतलं की रेषा चौकटीवरून जायची आणि पडद्यावर क्षणभर भिंतीचं पोट दिसायचं. दोन दिवस मी तेवढ्या तीन सेकंदांशी झटत होतो. डोळे चुरचुरत होते. शेवटी मी रेषा तशीच ठेवली आणि चौकट सरकवली. सव्वादोन फुटांचं दार तीन फुटांचं केलं. कॅमेरा लोण्यासारखा आत गेला. आमच्या ऑफिसच्या सरांनी पाहिलं आणि म्हणाले, “आता कसं! फ्लो आला.”

शुक्रवारी दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी आधी एकदा बघायला ऑफिसात आले. बरोबर साठी ओलांडलेल्या एक काकू होत्या. त्यांनी अजून संमतीची सही केली नव्हती, म्हणून सेक्रेटरींनी त्यांना मुद्दाम आणलं होतं.

काकूंनी हॉलकडे नीट पाहिलंही नाही. बाथरूम आल्यावर मात्र पुढे झुकल्या. “बाळा, हे शेवटचं परत दाखव ना.”

मी दाखवलं. तीन वेळा.

“आमच्या ह्यांना पॅरालिसिस झालाय,” त्या म्हणाल्या. “चाकाच्या खुर्चीत असतात. आत्ताच्या बाथरूममध्ये खुर्ची जात नाही. दोन वर्षं मी त्यांना दारातून उचलून आत नेते. ह्यातून जाईल रे खुर्ची. आरामात जाईल.” मग सेक्रेटरींकडे वळून म्हणाल्या, “करते मी सही रविवारी. उगाच अडवून बसले होते.”

“मी सांगत होतो ना वहिनी!” सेक्रेटरी म्हणाले.

मी माउसने शॉट बंद केला. जाताना काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “छान केलंस हो.”

नऊ इंच म्हणजे एक वीट, हे गवंड्याच्या मुलाला कुणी सांगावं लागत नाही. नकाशात तसं नसताना मी भिंतीतून एक वीट काढली होती, कॅमेऱ्याला वळता यावं म्हणून.

शनिवारी सकाळी सरांना सांगितलं. ते चहा पीत होते.

“अरे, वॉकथ्रू हे चित्र असतं. लोक काय टेप घेऊन पडदा मोजणार आहेत?”

“सर, काकू त्या दारावर सही करतायत.”

“आणि सभेत वाट लागली तर? बिल्डर मला विचारेल. तुझं कायम व्हायचंय, आठवतंय ना?”

“आठवतंय, सर.”

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “कर काय करायचं ते. पण धक्के नकोत. आणि त्या बाईंना तू सांगायचंस, मी नाही.”

मी बोरीवलीला गेलो. काका खिडकीशी बसले होते. नकाशात दार सव्वादोन फुटांचंच आहे, हे काकूंना उभ्या उभ्याच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त जड गेलं. आत जाऊन शिवणाची टेप आणली आणि माझ्या हातात दिली. “मोज.”

खुर्ची चाकांसकट पंचवीस इंच भरली. नकाशातलं दार सत्तावीस, पण त्यातून चौकटीची लाकडं गेली की मोकळी जागा उरते चोवीस.

“म्हणजे एका इंचाने अडलं,” काकू म्हणाल्या.

काका बोलताना अडखळायचे. ते म्हणाले, “हेच... दाखव. सगळ्यांना.”

ऑफिसात परत येऊन आधी चौकट मूळ जागी नेली. मुख्य वॉकथ्रूमधला कॅमेरा बाथरूमच्या अलीकडेच थांबवला. मग एक वेगळा, छोटा शॉट केला. हॉलपासून बाथरूमच्या दारापर्यंत नवी रेषा काढली, ती पाच फुटांवर न ठेवता चार फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. शेवटचं टोक दाराच्या हातभर अलीकडे. खुर्ची ढकलत चालताना काकूंना लागेल तेवढा वेळ दिला आणि थांबणं अगदी सावकाश व्हावं म्हणून शेवटच्या कीचं हँडल खूप लांब ओढलं. चौकटीच्या आत पंचवीस इंच रुंदीची एक साधी चाकाची खुर्ची ठेवली. तिची चाकं लाकडात घुसलेली दिसत होती. शेजारच्या सहकारिणीने आपली खुर्ची जवळ सरकवून शॉट पाहिला. “बाप रे,” एवढंच म्हणाली.

रविवारी सोसायटीच्या आवारात, खुर्च्या मांडून, पडदा लावून सभा झाली. मोठा वॉकथ्रू लोकांना आवडला, टाळ्या पडल्या. मग मी दुसरा शॉट लावला. कॅमेरा खालून, संथपणे पॅसेजमधून गेला, वळला, हळूहळू मंदावला आणि दाराशी उभा राहिला. आत गेला नाही. कुणीतरी विचारलं, “अडकला काय रे?”

“नाही,” मी म्हणालो. “दार तेवढंच आहे.”

मागून एक आजोबा म्हणाले, “अहो, मग उद्या आमची पाळी आली तर?” आणि एकदम सगळे बोलायला लागले. आर्किटेक्ट पहिल्या रांगेत होते. ते उठून म्हणाले की त्या बाजूची भिंत वजन घेणारी नाही, सगळ्याच घरांत बाथरूमचं दार तीन फुटांचं करता येईल. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. काकू म्हणाल्या, “नकाशा बदलून आणा. तोवर माझी सही नाही.”

नकाशा तीन आठवड्यांनी बदलून आला. मला मात्र कायम केलं नाही, मुदत आणखी तीन महिने वाढवली. सर म्हणाले, “काम चांगलंय. पण विचारून करत जा.” मी हो म्हणालो.

नव्या नकाशाप्रमाणे मॉडेल दुरुस्त करायचं काम माझ्याकडेच आलं. चौकट नऊ इंच सरकवली. पहिली रेषा, मोठ्या वळणाची, फाइलमध्ये अजून होती. तिच्यावर कॅमेरा चढवला आणि चालू केला. तो कुठेही न घासता आत गेला. मी काकूंना फोन करून तेवढंच सांगितलं, आणि टेबलावर डोकं टेकून पाच मिनिटं डोळे मिटले.