हळदीच्या रंगाची कमांड लाइन

युनिक्स या कॉम्प्युटर प्रणालीच्या प्रॅक्टिकलमध्ये मी एकदा नापास झालो होतो. पुन्हा नापास झालो, तर डिप्लोमाचं आणखी एक वर्ष वाया जाणार होतं. नगरच्या कॉलेजात युनिक्सचं मशीन एकच आणि रांग मोठी. म्हणून सरावासाठी श्रीरामपूरला मामांकडे गेलो; त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. तिथे विंडोज ९८ असलेला एकच कॉम्प्युटर. त्यावर युनिक्सच्याच घराण्यातलं खरं लिनक्स टाकायचं तर डिस्कचे भाग पाडावे लागले असते, आणि त्यात ऐन लग्नसराईतल्या पत्रिका गेल्या असत्या तर मी मामींना तोंड दाखवू शकलो नसतो. म्हणून मित्राकडून सिग्विनची सीडी आणली. ते लिनक्स नव्हे, पण विंडोजमध्येच एका खिडकीत तशीच कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करायची ओळ, देतं. मामांच्या फायली जागच्या जागी राहतात.

लूप, बेरजा एवढंच करायचं असतं, तर मी दुकानात आधीच टाकलेल्या टर्बो सीवर, म्हणजे सी भाषेतले प्रोग्राम चालवणाऱ्या साधनावर, भागलं असतं. पण परीक्षेत फोर्क यायचा. चालू प्रोग्रामची दुसरी प्रत काढणारी ती सोय टर्बो सीला ठाऊकच नव्हती. सिग्विनवर ती चालली, सावकाश का होईना.

अडचण आली वेगळीच. पुणतांब्याचे एक गृहस्थ मुलीची पत्रिका करायला आले आणि माझी काळी खिडकी पाहून उठूनच उभे राहिले.

"लग्नाची पत्रिका हाय का दहाव्याची?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "भाचेबुवा, एक तर रंग बदल, नाहीतर ते काढून टाक."

मला इतकं अपराधी वाटलं की मी त्या गृहस्थांची माफीच मागितली. मग त्या आज्ञांच्या ओळीत रंगांचे आकडे घालून पडदा कोरा केला. हळदीसारखी पिवळी पार्श्वभूमी, कुंकवासारखी लाल अक्षरं. तपासायला फोर्कचा छोटा प्रोग्राम चालवला. त्यात 'शुभविवाह' हा शब्द इंग्रजी अक्षरांत एकदाच छापायची आज्ञा आहे, असं गृहस्थांना सांगितलं. पडद्यावर तो दोनदा उमटला.

"आपणहून दोनदा म्हनतंय," गृहस्थ खाली बसले. "काढा पत्रिका."

फोर्कनंतरची ओळ मूळ प्रोग्राम आणि त्याची प्रत, दोघंही छापतात, हे मी सांगायला तोंड उघडलं. मामांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमका फोर्कच दिला. ओळ दोनदा का आली, असं त्यांनी विचारलं. पुणतांब्याच्या गृहस्थांना द्यायचं राहिलेलं उत्तर मी त्यांना सविस्तर दिलं, जरा जास्तच कळवळून. पास झालो.

आता गरज संपली, म्हणून सिग्विन काढायला बसलो, तर मामांनी माउसच उचलून घेतला. पुणतांब्याहून आणखी दोन पार्ट्या आल्या होत्या. दोन्ही पार्ट्यांना आधी कॉम्प्युटरचा आशीर्वाद हवा होता.

"तुझं काम झालं," मामा म्हणाले, "आमचं आता कुठं सुरू झालंय."

मग मी तो 'शुभविवाह'चा प्रोग्राम कसा चालवायचा ते त्यांना शिकवलं. त्या आशीर्वादावर लग्न लागलेल्या जोडप्यांचं सगळं बरं चाललं असेल ना, हा विचार मला अजूनही येतो.